लाइट गेली तरी सौदा सुरू

सकाळी ९:१५ ला बाजार उघडला की पहिल्या पंधरा मिनिटांत एखाद्या शेअरने गाठलेला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव टिपून ठेवायचा. त्यानंतर भाव वरची रेघ ओलांडून गेला तर घ्यायचं, खालच्या रेघेवर स्टॉपलॉस लावायचा आणि काहीही झालं तरी ३:१५ ला सौदा कापून मोकळं व्हायचं. ‘ओपनिंग रेंज ब्रेकआउट’ नावाचा हा नेम जुना आहे. त्यात पैसे मिळतात की जातात, हा वाद वेगळा. पण तो प्रोग्रॅमकडे सोपवायला सोपा आहे, कारण त्यात ‘मला वाटतं’ला जागा नाही. ऑर्डर हाताने न टाकता प्रोग्रॅममधून टाकायची सोय, म्हणजे एपीआय, आता बरेच ब्रोकर देतात. त्यामुळे नोकरी किंवा दुकान सांभाळणारी माणसंही पन्नास-शंभर ओळींचा पायथन प्रोग्रॅम लिहून घेतात, घरच्या लॅपटॉपवर चालू करतात आणि कामाला जातात.

आता एक दिवस आकड्यांत बघू. समजा, शेअरची सकाळची रेघ ७९६ ते ८०४ अशी पडली. दहाच्या सुमारास भाव वर गेला आणि प्रोग्रॅमने ८०४.५० ला ५० शेअर घेतले. स्टॉप ७९६ चा, म्हणजे धोका शेअरमागे साडेआठ रुपये, एकूण ४२५ रुपये. एवढं नुकसान सोसायचं हे आधीच ठरलेलं आहे. बारा वाजून गेल्यावर घरची लाइट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, म्हणून मालक निर्धास्त. पण विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावलेल्या कामाला ‘Start the task only if the computer is on AC power’ ही अट मुळातच लागलेली असते, आणि तिच्याच खाली लाइट गेल्यावर चालू काम थांबवण्याचीही. लॅपटॉप जागा राहतो, प्रोग्रॅम बंद होतो. स्टॉपलॉस प्रोग्रॅमच्या डोक्यात होता, तोही त्याच्याबरोबर गेला. भाव ७९६ वरून खाली उतरला तरी विकणारं कोणी नाही. शेवटी दुपारी ब्रोकर इंट्राडे पोझिशन स्वतः कापतो, तेव्हा भाव ७८१ आहे. नुकसान ११७५ रुपये, शिवाय ब्रोकरने स्वतः सौदा कापल्याचा आकार वेगळा.

ही झाली एक तऱ्हा. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, अपडेटसाठी रात्री आपणहून रीस्टार्ट होतो, लाइटबरोबर वायफायचा राउटरही जातो. चुकलेलं काम जमेल तितक्या लवकर उरकून घ्यायचा पर्यायही त्याच शेड्युलरमध्ये आहे आणि अनेकजण तो हौसेने लावतात. मग ९:०५ ला सुरू व्हायचा नेम ११ ला लॅपटॉप उघडताच सुरू होतो. त्यात उशिराची तपासणी लिहिलेली नसेल, तर तो अकराच्या भावावर सकाळचा निर्णय घेतो. नेम न चालणं परवडतं, अवेळी चाललेला महागात पडतो.

क्लाउडवरचा छोटा सर्व्हर म्हणजे मोठ्या डेटा सेंटरमधल्या संगणकाचा भाड्याने घेतलेला एक कोपरा. एक जीबी मेमरी, एक प्रोसेसर, वर लिनक्स. महिन्याचं भाडं साधारण पाच-सहा डॉलरपासून सुरू होतं आणि मुंबईत किंवा बंगळुरात जागा देणाऱ्या कंपन्याही आहेत. वीज, थंडावा, इंटरनेट यांची काळजी त्यांची. वर सांगितलेल्या लॅपटॉपच्या तक्रारींपैकी बहुतेक सगळ्या इथे एका दिवसात मिटतात.

दुसरा फायदा नियमांमुळे झाला. सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो व्यवहारांची चौकट घातली. त्यात एपीआयमधून येणारी ऑर्डर ब्रोकरकडे आधी नोंदवलेल्या, न बदलणाऱ्या आयपी पत्त्यावरूनच यावी, अशी अट आहे. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता राउटर बंद-चालू केला की बदलू शकतो आणि पुष्कळदा एकाच पत्त्यामागे अनेक घरं असतात. सर्व्हरला स्वतःचा पत्ता मिळतो. मात्र तो कायमचा आहे का, हे विचारून घ्यावं. ॲमेझॉनच्या ईसीटू सेवेत सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू केला की साधा सार्वजनिक पत्ता बदलतो. ‘इलॅस्टिक आयपी’ वेगळा घेऊन जोडला तरच टिकतो. भाडं वाचवायला रात्री सर्व्हर बंद करणाऱ्यांच्या ऑर्डरी सकाळी नाकारल्या जातात, त्याचं कारण बहुधा हेच.

वेगाचं मात्र फार कौतुक करू नये. मुंबईतल्या सर्व्हरवरून ऑर्डर काही मिलिसेकंद आधी पोचेल. पण पंधरा मिनिटांच्या रेघेवर चालणाऱ्या नेमाला त्याचं काय? ज्यांना मिलिसेकंदांवर पैसे मिळवायचे आहेत, ते आपली यंत्रं एक्स्चेंजच्याच डेटा सेंटरमध्ये ठेवतात. पाच डॉलरच्या सर्व्हरने त्यांच्याशी शर्यत लावू नये.

सर्व्हर घेतला की पहिली ठेच लागते ती घड्याळाची. नवा सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर चालतो, आणि भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. ९:०५ ला लावलेलं काम आपल्या दुपारी २:३५ ला सुरू होतं. कुठेही चूक दिसत नाही, फक्त सकाळी काहीच घडत नाही. म्हणून आधी वेळ भारताची करावी. त्यानंतर वेळेवर कामं सुरू करणारी ‘क्रॉन’ ही सेवा पुन्हा चालू करावी, नाहीतर ती जुन्याच वेळेने मोजत राहते:

```
sudo timedatectl set-timezone Asia/Kolkata
sudo systemctl restart cron
```

मग `crontab -e` उघडून नेम लावायचा:

```
5 9 * * 1-5 python3 /home/bazar/orb.py >> /home/bazar/orb.log 2>&1
```

अर्थ असा की सोमवार ते शुक्रवार ९:०५ ला प्रोग्रॅम सुरू कर आणि तो जे बोलेल, चुकांसकट, ते त्या फाइलीत लिहून ठेव. शेवटचे ते विचित्र वाटणारे `2>&1` चुकांसाठीच आहे. ते गाळलं तर प्रोग्रॅम का मेला, हे नोंदीत सापडत नाही. क्रॉनला सुट्ट्या कळत नाहीत. गणेश चतुर्थीलाही तो प्रोग्रॅम उठवतो, आणि १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार असूनही अर्थसंकल्पासाठी बाजार उघडा होता, तेव्हा त्याने झोपच काढली असती. सुट्ट्यांची यादी एक्स्चेंज वर्षाआधी देतं. ती प्रोग्रॅमला द्यावी लागते.

पण लॅपटॉपवरचाच प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलून सर्व्हरवर ठेवला, तर अर्धंच काम झालं. सर्व्हरही अधूनमधून पडतो. एक जीबीच्या यंत्रावर पुष्कळ शेअरचा वर्षभराचा मिनिटामिनिटाचा भाव एकदम वाचायला घेतला की मेमरी संपू शकते आणि लिनक्स सर्वांत जड प्रोग्रॅम मारून टाकतो. `sudo dmesg` मध्ये ‘Out of memory: Killed process’ अशी ओळ दिसली की समजावं, प्रोग्रॅम स्वतः पडला नाही, त्याला मारला. यावर उपाय म्हणून पडलेला प्रोग्रॅम आपोआप पुन्हा सुरू करायची सोय लावतात. खरा धोका तिथेच आहे. वरच्या उदाहरणात ५० शेअर घेतल्यावर प्रोग्रॅम पडला आणि मिनिटाभरात पुन्हा उठला, तर त्याला आधीचं काही आठवत नाही. भाव रेघेच्या वर दिसतो, तो पुन्हा ५० घेतो. तिसऱ्यांदा उठला तर आणखी ५०.

म्हणून उठल्या उठल्या प्रोग्रॅमने ब्रोकरलाच विचारायचं, आज माझ्या नावावर कोणती पोझिशन आहे आणि कोणत्या ऑर्डरी टांगलेल्या आहेत. ते उत्तर खरं. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या आठवणीवर भिस्त ठेवायची नाही.

त्याच न्यायाने स्टॉपलॉसही प्रोग्रॅमच्या डोक्यात ठेवायचा नाही. खरेदी झाल्याचं ब्रोकरने कळवताच ५० शेअरची विक्रीची स्टॉपलॉस ऑर्डर खरोखरच बाजारात पाठवायची, ट्रिगर ७९६ आणि मर्यादा समजा ७९४. मग सर्व्हर, लाइट, इंटरनेट यांतलं काहीही गेलं तरी ती ऑर्डर आपल्या जागी बसून असते. त्या दिवशी ११७५ ऐवजी नुकसान ४२५ ते ५२५ रुपयांत आटोपलं असतं. भाव एका झटक्यात ७९४ च्याही खाली गेला तर ऑर्डर तशीच राहू शकते, हे मात्र गृहीत धरावं. आणि ३:१५ ला सौदा कापण्याआधी ही टांगलेली ऑर्डर रद्द झाली की नाही, ते तपासावं. ती विसरली आणि भाव खाली आला, तर हातात नसलेले ५० शेअर विकले जातात.

रोजचं लॉगिन उरतंच. ब्रोकरने दिलेलं एपीआयचं टोकन साधारणपणे दिवसापुरतंच चालतं. सकाळी फोनवरून लॉगिन करून ते सर्व्हरला द्यायला मिनिटभर लागतं. हा मिनिट वाचवायला काहीजण पासवर्ड आणि ओटीपी तयार करणारी गुप्त किल्ली, दोन्ही सर्व्हरवर ठेवतात. दुहेरी कुलूप लावून दोन्ही किल्ल्या दारातच टांगल्यासारखं हे आहे. सर्व्हर इंटरनेटवर उघडा असतो आणि चालू केल्यापासून थोड्याच वेळात अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न सुरू होतात. `/var/log/auth.log` उघडून पाहिलं की त्यांची रांग दिसते. पासवर्डने आत येणं बंद करून एसएसएच किल्लीनेच येऊ द्यावं. पैसे तुमच्याच बँक खात्यात जातात, म्हणून चोराला फायदा नाही, असं समजू नये. दुसऱ्याच्या खात्यातून उलाढाल नसलेले ऑप्शन चढ्या भावाने स्वतःकडूनच विकत घ्यायला लावणं, हा पैसे उपसण्याचा मार्ग आहे.

लॅपटॉप निदान डोळ्यांसमोर असतो, सर्व्हर दिसतही नाही. म्हणून प्रोग्रॅमने ९:१० ला ‘उठलो’, ९:३० ला ‘रेघ ७९६–८०४’, ३:२० ला ‘पोझिशन शून्य’ असे निरोप फोनवर पाठवावेत. बिघडल्यावरच निरोप पाठवणारा प्रोग्रॅम कामाचा नाही, कारण मेलेला प्रोग्रॅम तक्रार करत नाही. ३:२० चा निरोप आला नाही, तर ब्रोकरचं ॲप उघडून हाताने सौदा कापायला तुमच्याकडे फार थोडी मिनिटं असतात. तेवढ्या वेळात फोन हाताशी नसणाऱ्याने इंट्राडे नेम यंत्रावर सोडूच नये.

ज्यांचा नेम दिवसातून एकदाच, बाजार बंद झाल्यावर भाव उतरवून हिशेब मांडायचा आणि दुसऱ्या दिवशी हाताने ऑर्डर टाकायची एवढाच आहे, त्यांना यातलं काहीच लागत नाही. त्यांचा लॅपटॉप संध्याकाळी सात वाजता उघडला तरी चालतो. सर्व्हरचं भाडं त्यांनी वाचवावं.