विजेची खूण दिसते, टक्के मात्र हलत नाहीत

फोनला चार्जर लावला की बॅटरीच्या चित्रात विजेची छोटी खूण उमटते आणि आपण निश्चिंत होतो. त्या खुणेचा अर्थ एवढाच, की वायरीतून फोनपर्यंत वीज पोचली आहे. किती पोचली, ते ती सांगत नाही. चालू फोन चार्जिंगला असतानाही वीज खातच असतो. पडदा, इंटरनेट, लोकेशन, मागे चाललेली ॲप्स हा सगळा खर्च आधी भागतो आणि उरेल तेवढीच वीज बॅटरीत जाते. घरच्या जमाखर्चासारखंच हे गणित आहे. जमा आणि खर्च सारखे झाले की टक्के जागेवर थांबतात, खर्च वाढला तर चार्जिंग सुरू दिसत असूनही ते उतरतात. म्हणून अशा वेळी थेट बॅटरी बदलायला निघू नये. जमा कमी पडतेय की खर्च जास्त होतोय, हे आधी ठरवावं.

ते ठरवायची चाचणी अगदी सोपी आहे. टक्के बघून ठेवा, फोन पूर्ण बंद करा, तोच चार्जर आणि तीच केबल लावून अर्धा तास हात लावू नका. बंद फोनचा खर्च जवळजवळ शून्य असतो. अर्ध्या तासात पंधरा-वीस टक्के वाढले, तर केबल, अडॅप्टर आणि पोर्ट काम करत आहेत आणि चालू फोनमध्येच काहीतरी वीज पीत आहे. दोन-चार टक्केच वाढले, तर वीजच कमी येते आहे. काहीच वाढलं नाही, तर दोष केबलपासून बॅटरीपर्यंत कुठेही असू शकतो, पण ॲप्सवर संशय घ्यायचं कारण उरत नाही.

वीज कमी का येते, ते एका उदाहरणातून नीट कळतं. नाशिकहून पुण्याला भाड्याची गाडी घेऊन निघालेल्या एका चालकाची कल्पना करा. फोनची बॅटरी ५००० एमएएच, म्हणजे साधारण १९ वॅट-तासांची. नकाशा चालू, भर उन्हामुळे ब्राइटनेस पूर्ण, मोबाइल डेटा सुरू. असा फोन ३ वॅटच्या आसपास वीज खातो. गाडीच्या म्युझिक सिस्टीमच्या यूएसबी पोर्टला केबल लावलेली आहे, खूणही दिसते आहे, पण निघताना ६२ टक्के असलेला फोन दोन तासांनी संगमनेरला ५४ वर आलेला असतो. चालकाला वाटतं, बॅटरी गेली.

बॅटरी ठणठणीत आहे. म्युझिक सिस्टीमचा असा जुना पोर्ट पेनड्राइव्हवरची गाणी वाजवण्यासाठी दिलेला असतो. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे तो ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतो. त्यातली थोडी वीज चार्जिंग होताना उष्णता होऊन जाते आणि हाती सव्वादोन वॅट उरतात. खर्च ३ वॅट. दर तासाला पाऊण वॅट-तासाची तूट, म्हणजे दोन तासांत दीड. १९ मधले दीड गेले की बरोबर आठ टक्के उतरतात.

आता तो सिगारेट लायटरच्या सॉकेटात बसणारा १२ वॅटचा चार्जर घेतो. तरीही टक्के वाढत नाहीत, फक्त उतरण्याचा वेग मंदावतो. इथे दोष केबलचा निघतो. मागच्या सीटपर्यंत पोचावी म्हणून घेतलेली दोन मीटरची स्वस्त केबल आहे आणि तिच्यातल्या तांब्याच्या तारा केसासारख्या बारीक आहेत. तार जितकी बारीक आणि लांब, तितका तिचा अवरोध जास्त. अशा केबलमध्ये जाण्यायेण्याचा मिळून अवरोध पाऊण-एक ओहमपर्यंत जातो. एक अँपिअर ओढायला गेलं, तर ५ व्होल्टमधले जवळजवळ पाऊण-एक व्होल्ट वाटेतच संपतात. फोनमधली चार्जिंगची चिप हे ओळखते. येणारा दाब साधारण साडेचार व्होल्टच्या खाली जाऊ लागला की ती स्वतःच मागणी कमी करते. मग चार्जर १२ वॅटचा असूनही फोनला तीन वॅटही धड मिळत नाहीत. त्याच चार्जरला एक मीटरची, जाड तारांची केबल लावली, की दोन अँपिअरलाही फक्त तिसरा हिस्सा व्होल्ट वाटेत जातो, फोनला नऊ वॅटच्या वर मिळतात आणि नकाशा चालू असतानाही दर दोन-अडीच मिनिटांनी एक टक्का चढतो.

केबलचा आणखी एक दोष फार लोकांना माहीत नसतो. चौकोनी तोंडाच्या, म्हणजे यूएसबी-ए अडॅप्टरला लागणाऱ्या केबलमध्ये विजेच्या दोन तारांशिवाय डेटाच्या दोन बारीक तारा असतात. भिंतीतल्या चार्जरच्या आत या दोन टोकांना एकत्र जोडलेलं असतं आणि त्यावरूनच फोन ओळखतो, की समोर खरा चार्जर आहे, कॉम्प्युटर नाही. २०१० च्या यूएसबी बॅटरी चार्जिंग मानकात ही पद्धत ठरवून दिलेली आहे. डेटाची एक तार जरी आत तुटली, तरी ही ओळख पटत नाही आणि बरेच फोन सावधपणे अर्ध्या अँपिअरवर थांबतात. खूण दिसते, टक्के रांगतात. तपासायचं असेल, तर ती केबल कॉम्प्युटरला लावा आणि फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय निवडा. दुसऱ्या केबलने फाइल्स दिसतात आणि हिने दिसत नाहीत, तर केबल बदला. काही केबल मुळातच फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांचंही हेच होतं.

अडॅप्टरवर बारीक अक्षरांत OUTPUT लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावावी. 5V 1A लिहिलं असेल, तर तो पाच वॅटचा आहे. फोनवर व्हिडिओ कॉल चालू असताना त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. 9V 2A किंवा याहून मोठे आकडे असले, तरी ती वीज फोन आणि अडॅप्टर यांची आपसात बोलणी झाल्यावरच मिळते. एका कंपनीचा ६७ वॅटचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला लावला आणि भाषा जुळली नाही, तर दोघेही साध्या ५ व्होल्टवर येतात. भारतात विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचा R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो ब्युरोच्या BIS Care ॲपवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते बघता येतं. फुटपाथवरच्या बिनक्रमांकाच्या अडॅप्टरवर लिहिलेल्या आकड्यांवर माझा अजिबात विश्वास नाही, आणि तुम्हीही ठेवू नये. तपासताना मात्र एका वेळी एकच वस्तू बदला. केबल आणि अडॅप्टर दोन्ही एकदम बदलले, तर दोष कुणाचा ते कधीच कळत नाही.

केबल आणि अडॅप्टर दुसऱ्याच्या फोनवर व्यवस्थित चालत असतील, तर आपल्या फोनच्या पोर्टकडे वळायचं. दुकानात याला चार्जिंग पिन म्हणतात. खिशातली सुताची लव पोर्टच्या तळाशी साचते आणि दर वेळी प्लग घालताना आपण ती आणखी दाबत जातो. काही महिन्यांत तिचा घट्ट थर बनतो. ओळखायची खूण अशी, की प्लग पूर्वीसारखा टक् करून बसत नाही, कडेला बारीक फट दिसते आणि वायर हलवली की चार्जिंग येतं-जातं. फोन बंद करा, टॉर्चच्या उजेडात आत बघा आणि दात कोरायच्या लाकडी काडीने कडेकडेने, हलक्या हाताने लव बाहेर ओढा. टाइप-सीच्या मधोमध पातळ पट्टी असते आणि सगळे संपर्क तिच्यावर असतात. तिला काडीचा दाब लागू देऊ नका. सेफ्टी पिन, सुई, तोंडाची फुंकर हे तिन्ही टाळा. पिनेने शॉर्ट होतं आणि फुंकरीबरोबर ओलावा आत जातो. पावसाळ्यात संपर्कांवर हिरवट डाग दिसले, तर तो गंज आहे आणि तो काडीने जात नाही.

बंद फोन भराभर चार्ज होतो आणि चालू फोन अडतो, अशी स्थिती असेल तर Settings मधल्या Battery मध्ये जाऊन कोणतं ॲप सर्वांत जास्त बॅटरी खातंय ते बघा. हॉटस्पॉट चालू राहिलेला असणं, फोटोंचा बॅकअप अडकून पुन्हापुन्हा सुरू होणं, नेटवर्क कमकुवत असल्यामुळे फोन सतत टॉवर शोधत राहणं, ही नेहमीची कारणं. अर्धा तास एअरप्लेन मोड लावून बघितलं, तरी बरंच कळतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या लॉक स्क्रीनवर Charging slowly असं लिहून येतं. त्याकडे दुर्लक्ष करू नका.

काही वेळा टक्केच खोटे असतात. बॅटरीत किती वीज आहे हे फोन थेट मोजू शकत नाही. आत-बाहेर गेलेल्या विजेचा हिशेब ठेवून तो अंदाज बांधतो. हा अंदाज अडकला, की आकडा तासभर ४३ वर राहतो आणि फोन रीस्टार्ट केल्यावर एकदम ६० दिसतो. बॅटरी नुकतीच बदललेली असेल, तर असं जास्त होतं. आणि आकडा नेमका ८० किंवा ८५ वर थांबत असेल, तर तो बिघाड नाही. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून आयफोन, सॅमसंग आणि इतर बऱ्याच फोनमध्ये तशी सेटिंग असते. फोन तापला तरी चार्जिंग थांबतं, कारण लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करणं तिला घातक असतं. मे महिन्यात डॅशबोर्डवर काचेखाली ठेवलेल्या फोनचं हमखास असं होतं. आयफोनवर अशा वेळी Charging On Hold दिसतं. कव्हर काढा, सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरतं.

एवढं करूनही बंद फोनवर टक्के हलत नसतील, तर दुरुस्तीच्या दुकानात जायची वेळ झाली. काय काय तपासलं ते तिथे सांगा आणि आधी यूएसबी मीटर लावून दाखवायला सांगा. मीटरवर अँपिअरचा आकडा शून्याजवळ असेल, तर पोर्ट किंवा त्यामागची सर्किट गेली आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पोर्ट एका वेगळ्या छोट्या बोर्डवर असतो आणि तेवढाच बदलता येतो. आकडा एक-दीड अँपिअर दिसत असूनही तासाभरात टक्के फारसे वाढत नसतील, तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे. फोनची पाठ किंवा पडदा थोडाही उचललेला दिसला, तर बॅटरी फुगली आहे. मग कुठलीही चाचणी करत बसू नका. चार्जर काढा, फोन बंद करा, पाठ दाबून सपाट करायचा प्रयत्न करू नका आणि तो तसाच दुकानात न्या.