परवाना मिळाला, मालक मिळेना

कणकवली स्टेशनाबाहेर रिक्षाची वाट पाहत उभा होतो. तेवढ्यात हायवेलगत किराणा दुकान चालवणारे आमचे जुने खातेदार भेटले. बँकेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली, तरी त्यांच्या लेखी मी अजून 'सायब'च आहे. २०२५ च्या जानेवारीतली ही गोष्ट. चेहरा फुललेला होता. म्हणाले, "सायबांनू, चेडवाचा काम झाला! थंय दोन वर्सां ऱ्हवाचो परवानो गावलो. आता नोकरी गावलीच मां?"

मी पेढा तोंडात टाकला आणि गप्प राहिलो. मुलीच्या शिक्षणाचे कर्ज काढण्यासाठी कागद जुळवायला मीच मदत केली होती. पंचवीस लाखांचे कर्ज, आणि तारण म्हणून घर व मागची काजूची बाग. साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता चौतीस हजारांच्या घरात जातो. दुकानाच्या गल्ल्यातून तो निघणारा नव्हता. त्यामुळे त्यांनी विचारलेला प्रश्न नुसता आनंदाचा नव्हता.

आपल्याकडे नोकरी आणि परवानगी या दोन गोष्टी कधी वेगळ्या नसत. मालवणचा, देवगडचा मुलगा गाडीत बसून मुंबईला गेला की गाववाल्याच्या खोलीवर उतरायचा, आणि त्याच गाववाल्याच्या शब्दावर गिरणीत नाहीतर गोदीत चिकटायचा. मुंबईत राहण्याचा परवाना त्याला कोणी विचारत नसे. विलायतेत मात्र या दोन गोष्टी दोन वेगळ्या दारांतून मिळतात. पहिले दार सरकार उघडते, दुसरे मालक. पहिले उघडले म्हणजे दुसरेही उघडले असे समजून आपल्याकडची कुटुंबे निश्चिंत होतात.

ब्रिटनचा इतिहास थोडक्यात सांगतो. शिक्षण झाल्यावर दोन वर्षे राहून काम शोधण्याची मुभा तिथे पूर्वीही होती. २०१२ च्या एप्रिलात ती बंद झाली. १ जुलै २०२१ पासून 'ग्रॅज्युएट व्हिसा' या नावाने ती पुन्हा सुरू झाली, आणि तिचा सर्वाधिक लाभ आपल्या भारतीय मुलांनीच घेतला. हा परवाना मिळवणे फारसे अवघड नाही. अभ्यासक्रम पुरा झाल्याचे विद्यापीठाने सरकारला कळवायचे, विद्यार्थी व्हिसाची मुदत संपण्याआधी मुलाने तिथूनच अर्ज करायचा, पैसे भरायचे. आमच्या या मुलीने अर्जाचे ८२२ पौंड आणि दोन वर्षांच्या आरोग्यसेवेचे २,०७० पौंड भरले. रुपयांत तीन लाखांच्या वर. हातात नोकरी असण्याची अट नाही, पगाराची अट नाही. हवे ते काम करा, नाहीतर घरी बसा.

गोम अशी की या परवान्याला मुदतवाढ नाही. मुदत संपल्यावर तिथे नोकरीत राहायचे तर बहुतेकांना 'स्किल्ड वर्कर' व्हिसा घ्यावा लागतो, आणि तो स्वतःच्या जोरावर मिळत नाही. मालकाकडे सरकारचा प्रायोजक परवाना असावा लागतो आणि त्या मालकाने तुमच्या नावाचे प्रमाणपत्र काढावे लागते. आपण ज्याला नोकरी मिळाली म्हणतो, ती खरी इथे मिळते.

मुलगी मिडलँड्समधल्या एका गावात होती. संगणकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. पहिले सहा महिने सकाळी गोदामात आणि शनिवार-रविवार कॅफेत काम करून भाड्याचे पैसे काढले, उरलेल्या वेळात अर्ज केले. रविवारी वडिलांच्या फोनवरून ती माझ्याशी बोलायची. "काका, मुलाखतीपर्यंत पोचतच नाही मी. फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो. आता किंवा पुढे कधी तुम्हाला प्रायोजकत्व लागेल का? हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी नकार येतो."

त्या दिवशी तिला ते लागत नव्हते, कारण ग्रॅज्युएट व्हिसा खिशात होता. पण प्रश्नात 'पुढे कधी' हे दोन शब्द होते आणि खोटे लिहिणारी ती मुलगी नव्हे. मी तिला सांगितले, खरेच लिही, पण अर्ज कुठे पाठवायचा ते निवडून ठरव. ब्रिटिश सरकार प्रायोजक मालकांची यादी सर्वांसाठी खुली ठेवते. तिच्यात एक लाखाहून अधिक नावे आहेत. मालकाचे नाव, गाव, दर्जा आणि तो कोणत्या प्रकारच्या व्हिसासाठी माणसे आणू शकतो, इतके त्यात दिसते. नाव यादीत नसले तर तो मालक आज प्रमाणपत्र काढू शकत नाही, हे नक्की. पण नाव असले म्हणजे तो तुम्हाला घेईलच असे नाही. एखाद्याने फक्त डॉक्टरांसाठी परवाना काढलेला असतो, एखाद्याने एका जुन्या कामगारासाठी. यादीचा उपयोग गाळणीसारखा करायचा, आणि मग त्या कंपनीने गेल्या वर्षा-दोन वर्षांत आपल्यासारख्या नवख्याला घेतले आहे का, हे तिथे काम करणाऱ्या मुलांनाच विचारायचे.

जुलै २०२५ मध्ये तिला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामरची नोकरी लागली. पगार वर्षाला ३२,००० पौंड. कंपनी यादीत नव्हती, पण मालक भला माणूस. चार महिने तिचे काम पाहून म्हणाला, परवाना काढू, काय लागेल ते सांग. मुलीने नियम वाचले. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करसाठी किमान पगार ४१,७०० पौंड झाला होता, पण नुकत्याच शिकून आलेल्यांना सवलत म्हणून ३३,४०० पौंड पुरत होते. दीड हजारांचा प्रश्न. मालक तयार झाला. कणकवलीत पुन्हा पेढे आणायची भाषा सुरू झाली.

चूक इथे झाली, आणि ती मीही केली. नियमात एक नव्हे, दोन आकडे असतात. एक सर्वांना लागू असलेली किमान रेषा, आणि दुसरा त्या-त्या व्यवसायाचा सरकारने ठरवलेला चालू दर. दोन्हींत जो मोठा असेल तो पगार द्यावा लागतो. प्रोग्रामरचा चालू दर त्या वेळी ५४,७०० पौंड होता. नवख्यांना त्याच्या सत्तर टक्के चालतात, म्हणजे ३८,२९०. तेव्हा दीड हजार नव्हे, दर वर्षी ६,२९० पौंड वाढवून द्यायला हवे होते.

मालकाने हिशेब मांडला. छोट्या कंपनीला परवान्याचे ५७४ पौंड, प्रमाणपत्राचे ५२५. शिवाय परदेशी माणूस ठेवल्याबद्दल सरकारला द्यायचा आकार, तो छोट्या कंपनीला डिसेंबर २०२५ पासून वर्षाला ४८०. तीन वर्षांचे सगळे मिळून अडीच हजारांच्या आसपास. हे तो सोसायला तयार होता. पण पगाराची वाढ आणि तीन वर्षांनंतर काय, इथे तो थांबला. कारण नवख्यांची सवलत कायमची नसते. ग्रॅज्युएट व्हिसावर घालवलेला काळ धरून एकूण चारच वर्षे ती मिळते. मुलीचे एक वर्ष संपत आले होते, उरली तीन. त्यानंतर तिला पूर्ण दर द्यावा लागणार. त्या मालकाच्या कंपनीत अनुभवी माणसालाही तेवढा पगार नव्हता. त्याने सरळ सांगितले, जमणार नाही. मला त्याचा राग येत नाही. गोड बोलून तिला वर्षभर लटकत ठेवणारेही असतात, आणि तिच्यासारखीचे वर्ष फुकट जाणे फार महाग पडते.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. कोणी विद्यार्थी व्हिसावर असतानाच, म्हणजे ग्रॅज्युएट व्हिसा घेण्याआधी, स्किल्ड वर्करवर गेला तर मालकाला तो आकार भरावाच लागत नाही. मोठ्या कंपनीला तो वर्षाला १,३२० पौंड पडतो, तीन वर्षांचे ३,९६०. शिवाय नवख्याची चारही वर्षे शाबूत राहतात. म्हणजे मालकाच्या नजरेने पाहिले तर अभ्यासक्रमाचे शेवटचे महिने हाच मुलाचा सर्वांत स्वस्त आणि सोयीचा काळ. आमची मुले नेमकी तेव्हा प्रबंधात बुडालेली असतात आणि 'नंतर दोन वर्षे आहेतच' म्हणून नोकरीचे पुढे ढकलतात. मोठ्या कंपन्यांच्या नवपदवीधरांच्या भरतीचे अर्ज तर अभ्यासक्रम सुरू होतो त्याच शरदात निघतात. मुलाला तिथला बसमार्ग कळायच्या आत ते बंद झालेले असतात.

मधल्या काळात तिला एकाने गाठले होते. आठ हजार पौंड द्या, प्रमाणपत्र देतो. आपल्याकडे घरची माणसे अशा वेळी दागिने काढतात, म्हणून मी वडिलांना दुकानात जाऊन सांगितले. परवान्याचा आणि प्रमाणपत्राचा खर्च कामगाराकडून वसूल करायला तिथे बंदी आहे. पैसे मागितले की समजावे, पाणी गढूळ आहे. अशा मालकाचा परवाना सरकारने रद्द केला तर कामगाराला दुसरा मालक शोधायला किंवा देश सोडायला साधारण साठ दिवस मिळतात. पैसे परत मिळणे दूरच.

डिसेंबरात तिला दुसरी नोकरी मिळाली. विद्यापीठाच्या जुन्या वर्गमैत्रिणीने सांगितलेली, यादीतली, मोठी कंपनी. पगार ३९,५००. मुलाखतीत तिने स्वतःच विषय काढला. कोणता व्यवसाय गट, किती दर, किती वर्षे, कंपनीला किती खर्च, सगळे एका कागदावर लिहून नेले होते. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी तो कागद ठेवून घेतला. छोट्या कंपनीतल्या हिशेबाची ही कमाई. तीन वर्षांनी पूर्ण पगाराचा डोंगर तिच्यापुढेही आहेच. तोवर बढती मिळाली तर ठीक. हप्ता मात्र आता तीच भरते.

परवा दुकानात तिचा चुलतभाऊ बसला होता. सप्टेंबर २०२६ ला एक वर्षाच्या एम.एस्सी.ला जायचे म्हणत होता. एजंटाने त्यालाही 'दोन वर्षे काम करता येते' असे सांगितले होते. मी वहीचे पान घेतले. अभ्यासक्रम संपणार सप्टेंबर २०२७ ला. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी. सोडली तर, दोन वर्षांऐवजी अठराच महिने देण्याचे तिथल्या सरकारने जाहीर केले आहे. त्याचा अर्ज त्यातच येणार. कर्जाचा हप्ता अभ्यासक्रमानंतर साधारण वर्षाने सुरू होतो. म्हणजे पहिल्या हप्त्याच्या दिवशी त्याच्या परवान्याची जेमतेम काही महिन्यांची शिल्लक उरणार.

त्याची आई गल्ल्यामागून ऐकत होती. "मगे जाव नको म्हणतास काय?"

"तसां नाय. कोर्स घेण्याआधी तेका त्या कामाचो दर बघूक सांगा, आणि ती यादी."

मुलाने पान फाडून खिशात घातले. मग विचारले, "काका, सिव्हिल इंजिनिअरचा दर कुठे बघायचा?"

दुकान बंद करायची वेळ झाली होती. तिघांनी मिळून त्याच्या मोबाइलवर तो शोधायला घेतला.