नव्वद टक्क्यांची परीक्षा

उद्या दुपारी बारा वाजता पवनचक्क्यांतून किती वीज मिळेल? २०१४ च्या जागतिक ऊर्जा अंदाज स्पर्धेत ऑस्ट्रेलियातल्या दहा पवन प्रकल्पांबद्दल हाच प्रश्न होता, पण उत्तर म्हणून एक आकडा चालत नव्हता. प्रत्येक तासासाठी ९९ आकडे द्यायचे होते. पहिल्या आकड्याच्या खाली वीज राहण्याची शक्यता १ टक्का, दुसऱ्याच्या खाली २ टक्के, असे करत ९९ पर्यंत. या आकड्यांना क्वांटाइल म्हणतात. वारा आकडा सांगून येत नाही, तेव्हा अंदाज देण्याची ही रीत मला प्रामाणिक वाटते. पण प्रत्यक्षात तासाला एकच आकडा हाती येतो. मग ९९ आकड्यांना गुण कसे द्यायचे?

स्पर्धेने त्यासाठी ‘पिनबॉल लॉस’ वापरला. समजा, १०० मेगावॉटच्या प्रकल्पासाठी कुणी ९० टक्क्यांचा क्वांटाइल ६० मेगावॉट दिला. प्रत्यक्षात वीज ५० मिळाली, तर १० च्या फरकाला ०.१ ने गुणायचे, दंड १. वीज ७० मिळाली, तर फरक तेवढाच, पण गुणायचे ०.९ ने, दंड ९. आकडा ओलांडला गेला की नऊपट शिक्षा.

हे प्रमाण मनाला येईल तसे ठरवलेले नाही. दहा तास घ्या. नऊ तासांत वीज ५० आणि एका तासात ७० मिळाली. अंदाज ६० वरून ६१ केला, तर नऊ तासांत दंड ०.१ ने वाढतो, म्हणजे एकूण ०.९, उरलेल्या तासात तो ०.९ ने घटतो. हिशेब बरोबर फिटतो, सरकून फायदा नाही. पण दहापैकी आठच तास ६० च्या खाली असते, तर आकडा वर नेणे फायद्याचे ठरले असते. म्हणजे सरासरी दंड कमीत कमी ठेवायचा, तर मनात जो ९० टक्क्यांचा आकडा आहे तोच सांगावा लागतो. फुगवून किंवा दबकून सांगणाऱ्याला तो महागात पडतो.

दुसरी तपासणी कव्हरेजची. ९० टक्क्यांच्या आकड्याखाली खरोखर ९० टक्के तास राहिले का, एवढे मोजायचे. ही मोजणी समजायला सोपी, म्हणून अनेकजण तिच्यावरच थांबतात. पण ती फसवता येते. वरच्याच दहा तासांत एकाने ५० मेगावॉटच्या नऊ तासांना डोळे मिटून १०० सांगितले आणि ७० च्या तासाला शून्य. त्याचेही कव्हरेज ९० टक्के! पिनबॉल लॉस मात्र त्याला पकडतो: नऊ तासांचे ४५ आणि एका तासाचे ६३, मिळून १०८. दरवेळी ६० सांगणाऱ्याचा एकूण दंड १८.

मग कव्हरेज हवेच कशाला? कारण दंड अंदाज किती वाईट ते सांगतो, कुठे आणि कोणत्या बाजूला चुकला ते सांगत नाही. त्यासाठी कव्हरेज तुकड्यातुकड्याने पाहावे लागते. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून मध्यम वेगाच्या पट्ट्यात वाऱ्याचा अंदाज थोडा हुकला तरी विजेचा बराच हुकतो. समजा, हजार तासांपैकी ८०० मंद वाऱ्याचे होते आणि त्यांत ७६० तास आकड्याखाली राहिले. मध्यम वाऱ्याच्या २०० तासांत मात्र १४० च राहिले. एकूण ९०० म्हणजे नेमके ९० टक्के, पण पहिल्या गटात ९५ आणि दुसऱ्यात ७० टक्के. जिथे सावधगिरी सर्वात जास्त हवी, तिथेच आकडा तोकडा पडला आणि सरासरीने ते झाकले.

गट पाडताना एक पथ्य आहे. ते आदल्या दिवशी हाती असलेल्या हवामान अंदाजावरून पाडावेत, प्रत्यक्ष मिळालेल्या विजेवरून नव्हे. भरपूर वीज मिळालेले तास मागाहून वेचले, तर त्यांत आकडा ओलांडलेले तास जास्तच येणार आणि निर्दोष अंदाजही चुकीचा दिसणार.

तळाच्या क्वांटाइलला आणखी एक अडचण आहे. वारा पडला की वीज थेट शून्य. शंभरपैकी वीस तास चक्क्या थांबल्या आणि त्या तासांना १० टक्क्यांचा आकडाही शून्यच होता, तर ‘इतकी किंवा त्याहून कमी’ या मोजणीत निदान २० टक्के तास येतात. अंदाजात मात्र दोष नसतो. अशा वेळी दोन मोजण्या कराव्यात: आकड्याहून काटेकोरपणे कमी असलेले तास आणि बरोबरीचे धरून येणारे तास. १० टक्के या दोन्हींच्या मध्ये पडत असतील, तर या मोजणीवरून अंदाजकर्त्याला बोल लावता येत नाही.