ऐकू कमी येणाऱ्या मुलीला रेकॉर्डिंग कशाला?

रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये रेडिओवर ‘फिफ्टीन’ म्हणायची सोय नाही. ‘वन फाइव’ असं एकेक आकडा वेगळा करून सांगायचं आणि समोरच्याने तो परत म्हणून दाखवायचा. काँप्रेसरच्या आवाजात ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ कानाला सारखेच लागतात. नोकरीतली ही साधी शिस्त माझ्या मुलीच्या वर्गाला लागू पडते, हे तिच्या प्राचार्यांना पत्र लिहायला बसलो तेव्हा कळलं. ती दोहातल्या कॉलेजात शिकते आणि दोन्ही कानांना यंत्रं लावते. लेक्चर रेकॉर्ड करायची परवानगी मागणारं माझं पहिलं पत्र तीन ओळींचं होतं. त्यावर कॉलेजातून एक प्रश्न आला. अल खोरमधल्या मराठी मित्रांनीही मला तोच विचारला होता.

गैरसमज : ज्याला ऐकूच येत नाही, त्याला रेकॉर्डिंगचा काय उपयोग?

‘ऐकू येत नाही’ हे वाक्यच अपुरं आहे. तिच्या ऑडिओग्रामवर 500 हर्ट्झला 30 डेसिबल, 1000 ला 45, 2000 ला 60 आणि 4000 ला 70 डेसिबलची घट आहे. जाड आवाज तिला बऱ्यापैकी ऐकू येतात, बारीक आवाज गळतात. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळात हळू असतात. म्हणून कुणीतरी बोलतंय हे तिला नेहमी कळतं, काय बोलतंय ते निसटतं. यंत्र आवाज वाढवतं, पण शिक्षकांचा वाढवताना एसीचा आणि खुर्च्या सरकवण्याचाही वाढवतं. शांत घरात आमच्याशी गप्पा मारणारी मुलगी चाळीस जणांच्या वर्गात अडते ती यामुळे.

उरलेली कसर ती ओठांकडे बघून भरून काढते. खरी गोम इथेच आहे. ओठ वाचायचे तर वहीत बघता येत नाही, आणि वहीत लिहायला मान खाली घातली की पुढचं वाक्य जातं. शिक्षक फळ्याकडे वळले की ओठही जातात. शेजारच्या मुलीची वही घेतली तर शेजारणीला महत्त्वाचं वाटलं तेवढंच मिळतं. रेकॉर्डिंग असलं की वर्गात ती बहुतेक वेळ बघते आणि ऐकते. घरी आवाज थेट यंत्रात घेऊन, गती थोडी कमी करून, अडलेलं वाक्य तीनदा ऐकून ती लिहून काढते. आधी वर्गात बसल्यामुळे विषय ओळखीचा झालेला असतो. ओळखीच्या वाक्यातलं गळालेलं व्यंजन मेंदू भरून काढू शकतो. रेकॉर्डिंग मिळालं की मुलं वर्गाला दांडी मारतील, ही भीती म्हणूनच इथे लागू होत नाही; वर्गात न बसता नुसता आवाज ऐकला तर तिच्या हाती फार थोडं लागेल.

याला मर्यादाही आहेत. पन्नास मिनिटांचं लेक्चर असं ऐकायला दीड-दोन तास जातात. सगळ्या विषयांची परवानगी मागितली तर मूल त्याखालीच दबेल, म्हणून आम्ही दोनच विषय मागितले. आणि ज्यांना यंत्र लावूनही बोलणं कळत नाही, जी मुलं खुणांच्या भाषेत शिकतात, त्यांना आवाजाच्या फाइलचा उपयोग नाही. त्यांच्या पत्रात दुभाषी किंवा पडद्यावर अक्षरं मागायला हवीत.

गैरसमज : परवानगी मिळाली की मोबाइल बाकावर ठेवायचा, झालं.

शिक्षकांच्या तोंडी होकारावर आम्ही हेच करून पाहिलं आणि फाइल फुकट गेली. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. शिक्षकांच्या कॉलरवर, तोंडापासून पंधरा सेंटिमीटरवर जो आवाज असतो, तो पाचेक मीटरवरच्या बाकापर्यंत येताना पाच वेळा असा उतरतो. बंद खोलीत भिंतींवरून परतलेला आवाज त्यात भर घालतो, पण तो उशिरा आलेला घुमारा असतो आणि आधीच पुसट असलेली व्यंजनं आणखी पुसतो. इथे एसी वर्षभर चालू, भिंती गुळगुळीत, फरशी उघडी. त्या फाइलमध्ये एसीची घरघर स्वच्छ होती आणि ‘गॅस’मधला ‘स’ नव्हता.

पारख करायची सोपी पद्धत अशी : दोन मिनिटं रेकॉर्ड करावं आणि चांगलं ऐकू येणाऱ्या माणसाने ती हळू आवाजात ऐकावीत. शब्दांचे शेवट त्यालाच कळत नसतील तर मुलीला कळणार नाहीत. उपाय म्हणजे शिक्षकांच्या कॉलरला छोटा माइक. आमच्या दुसऱ्या पत्रातला मुख्य भाग मराठीत साधारण असा होतो :

‘माझ्या मुलीला बोलण्याचा आवाज ऐकू येतो, पण बारीक व्यंजनं गळतात, ऑडिओलॉजिस्टचा अहवाल जोडला आहे. एका सत्रापुरती, दोन विषयांची लेक्चरं ध्वनिमुद्रित करायची परवानगी मिळावी. माइक आम्ही देऊ. तो शिक्षकांनी कॉलरला लावावा, त्याचं बटण त्यांच्याच हाती राहील आणि खासगी बोलणं निघालं तर त्यांनी तो बंद करावा. फाइल फक्त मुलगी ऐकेल, कुणाला पाठवणार नाही, निकालानंतर पुसेल. वर्गातल्या मुलांना याची आधी कल्पना द्यावी.’

अहवालात नुसता आलेख पुरत नाही. गोंगाटात बोलणं किती समजतं, हे ऑडिओलॉजिस्टकडून एका वाक्यात लिहून घ्यावं. प्राचार्यांना आलेखापेक्षा ते वाक्य कळतं.

गैरसमज : शिक्षक तोंडी ‘हो’ म्हणाले की पुरे.

कतारमध्ये दुसऱ्याचं खासगी बोलणं किंवा फोटो त्याच्या संमतीशिवाय टिपणं फौजदारी गुन्हा ठरू शकतं. सत्राच्या मध्यात शिक्षक बदलले की तोंडी ‘हो’ त्यांच्याबरोबर जातं. कागद प्राचार्यांच्या सहीचा हवा, आणि त्यात विषय, मुदत व फाइलचं पुढे काय होणार हे हवंच.

गैरसमज : कॉलेज भारतीय विद्यापीठाचं, म्हणजे भारतीय कायदा लागू. आणि टक्केवारीचा दाखला नसेल तर मागताच येत नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा दोहात 2021 पासून कॅम्पस आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्या मंडळींत हमखास निघतो. भारताचा 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा भारतातच चालतो. इथल्या पत्रात त्याचं कलम घालून उपयोग नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मात्र भारताने 2007 मध्ये आणि कतारने 2008 मध्ये मान्य केला. त्याचं 24 वं कलम उच्च शिक्षणातही ‘वाजवी सोय’ द्यायला सांगतं. इथल्या पत्रात उल्लेख करायचाच तर तो याचा.

मुलांना शिकायला पुण्या-नाशिकला पाठवणाऱ्यांसाठी 2016 चा कायदा कामाचा आहे, पण त्यातले दोन आकडे गोंधळात टाकतात. दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल घट असेल त्याला कायद्याची अनुसूची ‘ऐकू कमी येणारा’ म्हणते. राखीव जागांसाठी 40 टक्क्यांचा दाखला लागतो. माझ्या मुलीची पहिल्या तीन पट्ट्यांतली सरासरी 45 डेसिबल, म्हणजे राखीव जागा तिच्यासाठी नाही. पण दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या टक्क्यांवर नाही, दीर्घकाळची उणीव आणि भोवतालचे अडथळे यांवर उभी आहे. 16 वं कलम सरकारमान्य संस्थांमध्ये विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय असावी म्हणतं. सोय ‘वाजवी’ म्हणजे संस्थेवर अवाजवी बोजा न टाकणारी. माइक आपला, फाइल आपली, बटण शिक्षकांचं, असं पत्रातच लिहिलं की बोज्याचा मुद्दा उरत नाही.

दुसऱ्या पत्रावर आम्हाला लेखी परवानगी आधी दोन आठवड्यांपुरती मिळाली. पहिल्या दिवशी सर फळ्याकडे वळून बोलत राहिले. घरी मुलीने तेवढा भाग लावला आणि मला म्हणाली, “बाबा, इथे सर ‘फिफ्टीन’ म्हणाले. मी वहीत फिफ्टी लिहिलंय.”