‘टपालखर्च वेगळा’पासून ‘घरपोच मोफत’पर्यंत

१८४२ साली नगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागले, तेव्हा टपालाचा दर वजनावर आणि अंतरावर ठरत असे. गाव जितके लांब, तितका आकार जास्त. १ ऑक्टोबर १८५४ पासून हे बदलले. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते नगरहून पुण्याला जावो की कलकत्त्याला. अंतर हिशेबातून गेले, वजन राहिले.

१८७७ मध्ये व्ही.पी.पी. आली. पोस्टमनच्या हाती पैसे द्यायचे आणि पार्सल घ्यायचे, या सोयीवर मराठी पुस्तकविक्रीच्या कितीतरी पिढ्या चालल्या. जाहिरातीच्या तळाशी ‘टपालखर्च वेगळा’ हे दोन शब्द ठरलेले. गिऱ्हाइकाने पार्सल घेतले नाही, तर जाण्याचा खर्च विक्रेत्याच्या माथी बसायचा. म्हणून अनेक दुकानदार काही रक्कम आगाऊ मागत.

इंटरनेटवरच्या मोठ्या दुकानांनी ‘घरपोच मोफत’ची सवय लावली आणि छोट्या विक्रेत्यापुढे प्रश्न उभा राहिला: सरसकट एकच आकार लावायचा, मोफत पाठवायचे, की वजनाप्रमाणे घ्यायचे?

पुस्तकवाल्यांना या प्रश्नाची धग अलीकडे फार लागली. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केले. छोट्या प्रकाशकांचे गणितच कोसळले, आणि त्यांची तक्रार रास्त होती. १ मे २०२५ ला पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. त्याचा दर अंतरावर नाही, वजनाच्या टप्प्यावर आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५०० पर्यंत २५, एक किलोपर्यंत ३५, असे पाच किलोला १००, कर वेगळा. स्पीड पोस्टमध्ये मात्र १ ऑक्टोबर २०२५ च्या नव्या दरांतही अंतर मोजले जाते. २५१ ते ५०० ग्रॅमचे पाकीट २०० किलोमीटरपर्यंत ७० रुपये, एक हजार ते दोन हजारांपर्यंत ८६, वर १८ टक्के कर.

आता नगरच्या एखाद्या पुस्तकविक्रेत्याचा हिशेब मांडून पाहू. पुस्तक २५० रुपयांचे, वजन २८० ग्रॅम, प्रकाशकाकडून मिळणारी सूट ३० टक्के, म्हणजे हाती ७५ रुपये. पुठ्ठा आणि चिकटपट्टी धरून पाकीट ३२० ग्रॅम भरते. वीस ग्रॅमसाठी ते पुढच्या टप्प्यात गेले. म्हणून पुस्तक नव्हे, बांधलेले पाकीटच काट्यावर ठेवायचे. ज्ञान पोस्टने करासह साडेएकोणतीस, बांधणीचे दहा. उरले साधारण पस्तीस रुपये. तेच पाकीट स्पीड पोस्टने पुण्याला मोफत पाठवले, तर करासह ८२ रुपये ६० पैसे जातात. पदरचे घालून विक्री झाली.

शिवाय पुस्तकावर किंमत छापलेली असते, त्यामुळे टपालखर्च किमतीत मुरवता येत नाही. घरचा मसाला किंवा घोंगडी विकणारा स्वतःची किंमत ठरवतो, त्याला ती मुभा आहे. पुस्तकवाल्याचे ‘मोफत’ त्याच्या सुटीतूनच जाते.

मग मोफत कधी परवडते? तीन पुस्तके एकत्र बांधली, तर वजन ९३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ३५ रुपयांचाच टप्पा. करासह ४१ रुपये आणि बांधणीचे १५ वजा केले, तरी २२५ रुपयांच्या सुटीतले १६९ हाती राहतात. म्हणून ‘७५० रुपयांपासून पुढे टपालखर्च नाही’ ही रेषा वजनाचा टप्पा भरतो तिथे पडते. एका पुस्तकाला मात्र सरसकट ४० रुपये लावले, तर गिऱ्हाईकही बिचकत नाही आणि खर्च निघतो. मात्र सरसकट आकार अंदाजाने ठरवू नये. मागच्या पन्नास पार्सलांचा खर्च वहीत लिहून सरासरी काढावी. आकडे जवळजवळ असतील, तर सरसकट चालते. पार्सल एकदा तीस रुपयांचे आणि एकदा दीडशेचे होत असेल, तर हलका माल घेणारा जड माल घेणाऱ्याचा खर्च भरू लागतो आणि हळूहळू तो यायचा थांबतो.

दोन-तीन किलोच्या घोंगडीला म्हणूनच वजनाप्रमाणे आकारणी बरी. इथे आणखी एक फसगत होते. बरेच कुरियरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनाहून जास्त असेल, तर तोच धरतात. ४० × ३० × २० चे खोके ४.८ किलोचे ठरते, आत माल अडीच किलोचा असला तरी. घोंगडी घट्ट गुंडाळून खोक्याऐवजी पिशवीत घातली, की हा आकडा खाली येतो.

दिवाळीच्या आधी पुस्तकवाल्याला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. नियतकालिकांना ज्ञान पोस्टची सवलत नाही, आणि दिवाळी अंक त्यांतच मोडतात. पुस्तकांच्या पाकिटात एक अंक सरकवला, तर खिडकीवर ते पाकीट परत येऊ शकते. म्हणून अंकांची पाकिटे वेगळी बांधायची आणि त्यांचा आकारही वेगळा लिहायचा.