भजनी मंडळाचे सोसायटीला पत्र : वेळ, आवाज आणि गजर

गृहनिर्माण सोसायटीतले भजनी मंडळ व्यवस्थापक समितीला पत्र लिहिते ते बहुधा कुणाची तक्रार आल्यावर. अशा पत्रात भक्तीचे महत्त्व सांगितलेले असते आणि शेवटी ‘आवाज कमी ठेवू’ असे आश्वासन असते. समितीला त्यावर ठराव करता येत नाही, कारण ‘कमी’ म्हणजे किती, हे पत्रात कुठेच नसते. उपयोगी पत्रात वार, वेळ, जागा, वाद्ये आणि आवाज कुठे उभे राहून मोजायचा, हे लिहिलेले असते.

आकड्यांचा आधार ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांत सापडतो. निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या काळात ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या वाद्याचा किंवा ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. म्हणजे संध्याकाळच्या सरावासाठी हद्दीवर ६० हा आकडा धरता येतो. जवळपास १०० मीटरच्या आत रुग्णालय किंवा शाळा असेल, तर तो भाग शांतता क्षेत्र ठरू शकतो आणि आकडा आणखी खाली येतो.

मात्र ५५ ही सरासरी आहे, आणि शेजाऱ्याला सरासरी ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतो तो गजर. अभंग संथ लयीत सुरू होतो, लय वाढत जाते आणि शेवटी सगळे टाळ एकदम कडाडतात. सराव साडेआठला संपणार असेल तर सर्वांत मोठा आवाज नेमका सव्वाआठनंतर होतो, म्हणजे घराघरांत लहान मुले झोपायला किंवा मोठी अभ्यासाला बसायच्या सुमारास. म्हणून नुसती समाप्तीची वेळ लिहिणे पुरेसे नाही. गजर कधी आटोपेल हेही पत्रात हवे. हा मुद्दा बहुतेक मंडळांच्या लक्षातच येत नाही.

टाळ आणि पखवाज यांचा त्रासही वेगवेगळा असतो. टाळाचा तीक्ष्ण नाद उघड्या खिडकीतून बाहेर जातो आणि खिडकी बंद केली की बराच अडतो. साध्या काचेनेही दहाएक डेसिबलचा फरक पडतो. टाळांच्या जोड्या आठाच्या चार केल्या, तर मात्र आवाज जेमतेम ३ डेसिबलने उतरतो आणि कानाला तो फरक फारसा कळत नाही. पखवाजाच्या धुमेची गोष्ट उलटी. तिचा खर्ज भिंतीतून आणि स्लॅबमधून जातो, त्याला खिडकी फारशी अडवत नाही. पखवाजाखाली जाड गादी किंवा दुहेरी सतरंजी घातली तर जमिनीतून जाणारा हादरा कमी होतो. हवेतून जाणारा खर्ज तरीही उरतो.

समजा, सात मजली इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सराव होतो. मंडळाचे पत्र साधारण असे असेल : ‘मा. सचिव, व्यवस्थापक समिती यांस, स.न.वि.वि. भजनाचा सराव सायंकाळी ७ ते ८.३० या वेळेत होईल. गजर ८ वाजेपर्यंत आटोपला जाईल; त्यानंतर फक्त पेटीवर चाली बसवल्या जातील. माइक वापरला जाणार नाही. रस्त्याकडील खिडक्या उघड्या आणि इमारतीकडील बंद राहतील. सभागृहाबाहेर, इमारतीच्या बाजूच्या हद्दीवर, आवाज ६० डेसिबलच्या आत राहील. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात टाळ-पखवाज बंद राहील. आषाढी व कार्तिकी एकादशीच्या भजनासाठी वेगळा अर्ज केला जाईल.’ खाली संपर्कासाठी मंडळातल्या दोघांची नावे असावीत, म्हणजे शेजाऱ्याला थेट पोलिसांकडे जाण्याआधी कुणाला तरी फोन करता येतो.

मोजणी मोबाइलवरच्या अॅपने करता येते, पण तो आकडा अंदाजाचा असतो. दोन फोन एकाच जागी वेगवेगळे आकडे दाखवतात. शिवाय नेहमीच्या ‘ए’ मापनात खर्जाला कमी वजन मिळते, त्यामुळे पखवाज खटकत असतानाही आकडा निर्दोष दिसू शकतो. यावर उपाय म्हणजे नेहमी एकच फोन वापरणे, आधी भजन नसतानाचा आवाज मोजणे आणि नंतर गजर चालू असताना त्याच जागी पुन्हा मोजणे. भजनाआधीच रस्त्याच्या रहदारीने आकडा ५८ दाखवत असेल, तर ६०ची अट टाळांच्या पहिल्या ठेक्यालाच मोडेल. अशा इमारतीत आकड्यापेक्षा खिडक्या आणि वेळ यांवरच भर द्यावा. लगतच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात, तिथल्या सभासदाच्या समक्ष, एकदा ऐकून पाहणे हे कुठल्याही अॅपपेक्षा भरवशाचे.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि विषय समितीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेण्याची विनंती करावी. ठराव तीन महिन्यांसाठी मागितला तर विरोधकही तयार होतात, कारण फेरविचाराची सोय राहते. ठराव झाला तरी केंद्रीय नियमांची मर्यादा शिथिल होत नाही, आणि अंगणात ध्वनिवर्धक लावून कार्यक्रम करायचा असेल तर त्यासाठी संबंधित प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते.