धाप आणि मोजपट्टी

धाप लागते ती शरीरात प्राणवायूचा तुटवडा पडल्यामुळे, आणि छाती फुगते ती आत हवा शिरल्यामुळे, ही दोन विधाने सातवीच्या मुलांच्या (आणि त्यांच्या पालकांच्याही) मनात अशी काही कायमची वस्ती करून असतात की ती उठवण्यास व्याख्यान अपुरे पडते. मात्र सेकंदकाट्याचे घड्याळ आणि शिंप्याची मोजपट्टी एवढ्या सरंजामावर हे काम होते.

प्रथम स्वस्थ बसलेल्या मुलाचे श्वास मिनिटभर मोजावेत, तेही त्याच्या नकळत, नाडी पाहण्याच्या मिषाने मनगट धरून; कारण आपल्या श्वासाकडे लक्ष गेले की त्याची लय बदलते. समजा, वीस श्वास भरले. मग दोन मिनिटे दोरीवरच्या उड्या मारवून लगेच पंधरा सेकंद मोजले आणि दहा भरले, तर मिनिटाचा हिशेब चाळीस होतो. येथे पूर्ण मिनिट मोजू नये, कारण तेवढ्या अवधीत धाप ओसरू लागून आकडा कमी भरतो. श्वास दुप्पट म्हणून हवाही दुप्पट, असे मुले चटकन बोलतात. परंतु काखेखालून गुंडाळलेली पट्टी प्रत्येक श्वासागणिक पूर्वीपेक्षा अधिक सरकताना दिसते, म्हणजे श्वास खोलही झालेला असतो. पाव लिटरचा श्वास पाऊण लिटरचा झाला असे धरले, तर मिनिटाला पाच लिटरांच्या जागी तीस लिटर हवा आत जाते.

आता त्याच पट्टीसह नाक-तोंड मिटून छाती फुगवावयास सांगावे. हवेला वाट नसतानाही पट्टी किंचित सरकते. फासळ्यांमधील स्नायू आणि श्वासपटल आधी छातीची पोकळी वाढवतात, आतील दाब घटतो, आणि म्हणून हवा आत येते. तेव्हा कारण आणि कार्य यांची मुलांनी केलेली अदलाबदल येथे उघड होते.

धापेचे कारण याहून गुंतागुंतीचे आहे. निरोगी मुलाच्या रक्तातील प्राणवायू अशा उड्यांनी फारसा घटत नाही. श्वसनकेंद्रास विशेष दखल असते ती कार्बन डायऑक्साइडची, हे हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी 1905 मध्ये दाखवून दिले. तथापि तेवढ्यानेही भागत नाही, कारण पहिल्या उडीबरोबरच, हा वायू साचण्यापूर्वीच, श्वास वाढतो. मेंदू स्नायूंना हुकूम सोडतानाच त्याची वर्दी श्वसनकेंद्रालाही देतो, आणि हलणाऱ्या सांध्यांकडूनही संदेश पोहोचतात.

राहता राहिला पट्टीचा गैरवापर. पूर्ण श्वास सोडल्यावर आणि भरून घेतल्यावर मिळणाऱ्या मापांतील अंतर सैन्यभरतीत निदान 5 सेंटीमीटर लागते, म्हणून ज्याचे अंतर मोठे त्याचे फुप्फुस बळकट असा निवाडा वर्गात तत्काळ दिला जातो. वस्तुतः श्वासपटल खाली सरकून जी जागा करते ती या पट्टीच्या दप्तरी नोंदलीच जात नाही. ती पाहावयाची तर दुसरी पट्टी पोटाभोवती गुंडाळावी.